भुतं वगळून गावपळण: एका छोट्या व्हिडिओच्या शीर्षकाचं प्रकरण

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावची गावपळण होती. गावातल्याच एका कॉलेजच्या मुलाने यूट्यूब शॉर्ट्ससाठी तिचा बावन्न सेकंदांचा उभा व्हिडिओ केला आणि त्याला शीर्षक दिलं: "या गावात ३ रात्री भुतं उतरतात! गावकरी पळाले". पुढे घाबरलेल्या चेहऱ्याची इमोजी, आणि पहिल्याच दृश्यावर मोठ्या लाल अक्षरांत "भुतांचं गाव". तासाभरात व्हिडिओ गावातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांपैकी एका वयस्क गृहस्थांनी त्याला देवळाच्या पायरीवर बसवून एवढंच विचारलं, "झिला, भुतां खंय दिसली तुका?"

कोकणातल्या दोन-तीन चॅनलांची शीर्षकं आणि वर्णनं लिहायचं काम मी करतो, म्हणून तो माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न सरळ होता. भुतं काढली तर कोण बघणार? आणि भुतं ठेवली तर गावात तोंड कसं दाखवू?

गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सिंधुदुर्गातल्या काही गावांत ठरावीक वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खं गाव काही दिवस वेशीबाहेर राहायला जातं. आचरा, चिंदर, वायंगणी ही त्यातली माहीत असलेली नावं. आचऱ्याला श्री देव रामेश्वराच्या हुकमाने तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामं होतं. गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या सगळी माणसांबरोबर बाहेर. वेशीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, रात्री भजनं होतात, पोरं हुंदडतात. परत यायचं तेही कौल झाल्यावरच.

एवढं वाचूनच डोक्यात दहा प्रश्न येतात. आजारी माणसाचं काय, दुकानांचं काय, देवळातल्या दिव्याचं काय. इतकं कुतूहल ज्या विषयात मुळातच भरलेलं आहे, त्यावर भुतांचा मसाला टाकण्याची गरज का पडली, हे मला आधी समजून घ्यायचं होतं.

त्याचं उत्तर असं की त्याने शीर्षक व्हिडिओ बघून लिहिलंच नव्हतं. इतर चालणारी शीर्षकं बघून लिहिलं होतं. त्या साच्यांची नावं सांगायला नकोत, सगळ्यांनी पाहिलेले आहेत: "शास्त्रज्ञही थक्क", "चमत्कार कॅमेऱ्यात कैद", "खरे भक्त असाल तर शेवटपर्यंत बघा". यातला शेवटचा मला सगळ्यांत वाईट वाटतो. त्यात दावा व्हिडिओबद्दल नसतोच, बघणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल असतो, आणि सरकवून पुढे जाणारा माणूस देवाचा अपराधी ठरतो.

म्हणून पहिलं काम शीर्षकाचं नव्हतं. एक कागद घेतला आणि व्हिडिओत काय काय आहे ते सेकंदांनुसार लिहायला लावलं. टेम्पोत अंथरुणं चढवताना. टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, एक पाय बाहेर काढून धडपडणारी. रिकामी पाणंद. वेशीबाहेर झावळ्या बांधणारे दोघे. चुलीवर मोठं पातेलं. रात्रीचं भजन. शेवटी एक आजी सांगते, "देवाचो हुकूम झालो, मगे भायर पडाचाच." संपलं. भूत एकाही सेकंदात नाही, भुताचा उल्लेखसुद्धा कोणी केलेला नाही. तो शब्द फक्त शीर्षकात आणि त्या लाल अक्षरांत होता.

मग प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करायला सांगितली. कॅमेऱ्याने पाहिलेलं, कोणीतरी सांगितलेलं, आणि लोक मानतात असं. टेम्पो, कोंबड्या, झावळ्या हे पाहिलेलं. आजीचं वाक्य सांगितलेलं. या दिवसांत गावात देवाचा वावर असतो, कोणी म्हणतं इतर शक्तींचाही, हे मानलेलं. धार्मिक व्हिडिओच्या शीर्षकात फसवणूक होते ती बहुतेक वेळा अशी, की तिसऱ्या खणातली गोष्ट पहिल्या खणातली असल्यासारखी लिहिली जाते. "भुतं उतरतात" हे वाक्य डोळ्यांनी पाहिल्यासारखं आहे. श्रद्धा असणाऱ्यालाही ते खटकतं, कारण त्याच्या लेखी ही देवाच्या हुकमाची गोष्ट आहे, भुताटकीची नाही. श्रद्धा नसणाऱ्याला तर खटकतंच.

मुलाने लगेच सुचवलं, "मग शेवटी 'अशी श्रद्धा आहे' जोडतो." बहुतेक जण हाच उपाय करतात. आणि नेमका हाच उपाय मराठीत फसतो.

यूट्यूबवर शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, पण तेवढी कोणी बघत नाही. शॉर्ट्समध्ये शीर्षक पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, व्हिडिओवरच उमटतं आणि लांब असलं तर पुढचं तुटून तीन टिंबं येतात. सर्चमध्ये आणि चॅनलच्या पानावरही तेच. हिशोब असा धरावा की पहिले पाच-सहा शब्द वाचले जातील, बाकीचे नशिबावर. आता मराठी वाक्य बघा: "या तीन रात्री गावात देव फिरतो अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे". आपलं क्रियापद शेवटी, "असं मानतात", "अशी श्रद्धा", "असं सांगतात" हेही शेवटी. फोनने वाक्य तोडलं की उरतं "या तीन रात्री गावात देव फिरतो…". लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं, वाचणाऱ्यापर्यंत मात्र चॅनलचा दावा पोचला. ज्या शब्दांवर सगळा खरेपणा टांगलेला आहे तेच शब्द कापले जाणाऱ्या बाजूला बसलेले असतात.

यावर मला सापडलेला मार्ग म्हणजे मानणाऱ्या माणसांना वाक्याच्या तोंडाशी आणून बसवायचं. "गावकरी मानतात: या ३ रात्री गाव देवाचं." तुटलं तरी "गावकरी मानतात" शिल्लक राहतं. "आजी सांगते", "मानकरी म्हणतात", "जुनीजाणती माणसं सांगतात" ही सगळी याच घराण्यातली. यात आणखी एक फायदा होतो. कोण मानतं हे कळलं की कुतूहल माणसाकडे वळतं, आणि माणूस तर व्हिडिओत आहेच. पण जो सांगतो तो व्हिडिओत खरोखर बोलायला हवा. "मानकरी म्हणतात" लिहायचं आणि आत पार्श्वसंगीताखेरीज काही नाही, हीसुद्धा थापच.

"म्हणे" हा आपला हुकमी शब्द इथे चालेल असं वाटतं. छोटा आहे, ऐकीव आहे हे एका फटक्यात सांगतो. पण "या रात्री देव फिरतो म्हणे" मोठ्याने वाचून बघा. त्यात एक तिरकी नजर आहे. मी ते त्याला मानकऱ्यांच्या आवाजात वाचायला लावलं, त्याने स्वतःच खोडलं.

मग प्रश्नचिन्हाची पाळी आली. "या गावात खरंच भुतं येतात?" हे शीर्षक त्याला सुरक्षित वाटत होतं, कारण आपण काही म्हणत नाही, फक्त विचारतो. मी विचारलं, व्हिडिओ याचं उत्तर काय देतो? काहीच नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत नाही तो प्रश्न शीर्षकात ठेवणं म्हणजे दावा मागच्या दाराने आत घेणं. शिवाय "खरंच" या शब्दाने गावाची श्रद्धा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, आणि खटला चालवायला आपल्याकडे बावन्न सेकंद.

"गावपळणीमागचं खरं कारण" हेही त्याच्या यादीत होतं. इथे अडचण वेगळी आहे. गावपळण का सुरू झाली याबद्दल गावातच अनेक गोष्टी सांगितल्या जातात. कोणी नुसतं देवाचा हुकूम म्हणतं आणि पुढे कारण विचारत नाही. कोणी जुन्या काळच्या साथीच्या रोगांशी जोडतं, गाव रिकामं झालं की हवा-पाणी शुद्ध होतं म्हणतं. "खरं कारण" लिहिलं की यातलं एक खरं आणि बाकीची खोटी, असा निकाल आपण देऊन मोकळे. "गावपळण का? गावातच ३ उत्तरं" हे जास्त प्रामाणिक आणि माझ्या मते जास्त ओढणारंही. पण त्यासाठी तीन माणसं बोलायला हवीत. त्याच्याकडे एकच आजी होती. म्हणून ते पुढच्या खेपेसाठी ठेवलं.

याच नादात राजापूरच्या गंगेचा विषय निघाला, कारण तिच्यावरचा त्याचा एक जुना व्हिडिओ "शास्त्रज्ञांनाही न सुटलेलं कोडं" या नावाने पडून होता. उन्हाळे गावात चौदा कुंडं आहेत आणि गंगा काही वर्षांच्या अंतराने येते, काही दिवस वाहते आणि जाते. आत खडकातली पोकळी भरत जाते आणि पाणी ठरावीक पातळीवर पोचलं की वक्रनलिकेसारखं एकदम ओढलं जातं, असं तिचं भूगर्भातलं स्पष्टीकरण कधीपासून दिलं जातंय. तेव्हा "न सुटलेलं" हे शीर्षक पहिल्याच शब्दाला पडतं. कोणते शास्त्रज्ञ, कधी थक्क झाले, याचं उत्तर देता येत नसेल तर शास्त्रज्ञांना शीर्षकात बोलावूच नये. त्याला लिहून दिलं: "राजापूरची गंगा: कुंडं १४, पण पाणी कधी येईल?" भाविकाला यात काही कमी वाटत नाही, गंगा ती गंगाच राहते.

"चमत्कार" या शब्दाबद्दल मी जरा कडक आहे आणि त्याला कायद्याचंही कारण आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं आणि अशा गोष्टींचा प्रचार-प्रसार करणं हे गुन्ह्यांच्या अनुसूचीत आहे. परंपरा, यात्रा, कीर्तन, भजन सांगण्या-दाखवण्याला त्याचा अडथळा नाही. गावपळणीच्या व्हिडिओला कोणी लगेच कायदा लावेल असं नाही, पण जाहिरातीचे पैसे येणाऱ्या चॅनलवर "चमत्कार कॅमेऱ्यात कैद" लिहिताना हात थांबायला हवा.

आता मूळ काम. कुतूहल आणायचं कुठून? त्याच्या कागदावर मी एकच गोष्ट शोधत होतो: बघणाऱ्याच्या मनात आपोआप "मग…?" उठेल अशी पाहिलेली गोष्ट. टेम्पो कोणीही बघितलेला असतो. झावळ्यांची झोपडी सुंदर, पण प्रश्न पडत नाही. टोपलीखालच्या कोंबड्यांपाशी मी थांबलो. अख्खं गाव बाहेर जातं म्हणजे काय, हे त्या धडपडणाऱ्या पायात सगळं आलंय. शीर्षक झालं:

"अख्खं गाव ३ रात्री वेशीबाहेर, मग कोंबड्यांचं काय?"

साचा म्हणून सांगायचं तर, आधी एक मोठी पण सिद्ध करता येणारी गोष्ट, मग तिच्यातून निघणारा अगदी घरगुती प्रश्न. देवाबद्दल यात एक अक्षर नाही. श्रद्धेचा भाग व्हिडिओच्या आत आजीच्या तोंडी आहे आणि तिथेच तो शोभतो. तुटलं तर "अख्खं गाव ३ रात्री वेशीबाहेर…" उरतं आणि तेही खरंच असतं. कुंकेश्वरासारख्या समुद्रकाठच्या देवळाला हाच साचा लावला तर "देऊळ लाटांच्या काठावर, मग भरतीला रांग कुठून?" असं काहीतरी होईल, अर्थात भरतीचं चित्रण हातात असेल तर.

मुलाला हसू आलं. "कोंबड्या? धार्मिक व्हिडिओला?" शंका रास्त होती. हलकं शीर्षक देवाधर्माची थट्टा वाटू शकतं. म्हणून ते मानकऱ्यांना वाचून दाखवायला पाठवलं. त्यांनी सांगितलेलं त्याने मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं: "ह्यां बरोबर हा. कोंबयेचो घोर सगळ्यांकाच आसता." ही चाचणी मी नेहमी लावतो. शीर्षक तीन जणांना वाचून दाखवायचं: ज्याची परंपरा आहे त्याला, मुंबईच्या चाकरमान्याला, आणि देवाधर्माचं फारसं नसलेल्या एकाला. पहिल्याला अपमान वाटला, दुसऱ्याला काही कळलंच नाही किंवा तिसऱ्याला आपल्याला फसवतायत असं वाटलं, तर परत लिहायचं.

पण या शीर्षकाने एक वचन दिलं आणि व्हिडिओ ते पाळत नव्हता. कोंबड्या नवव्या सेकंदाला येऊन लगेच जात होत्या, पुढे त्यांचं काय झालं ते नव्हतंच. शॉर्ट्समध्ये माणूस शीर्षक वाचून टिचकी मारत नाही, व्हिडिओ त्याच्यासमोर येऊन चालूच होतो. त्यामुळे तिथे खरं शीर्षक म्हणजे पहिलं दृश्य आणि त्यावरची अक्षरं. तळाशी लिहिलेलं शीर्षक सर्चमध्ये, चॅनलच्या पानावर आणि लिंक फॉरवर्ड झाल्यावर काम करतं. दोन्ही ठिकाणचं वचन एकच हवं. त्याच्या फोनमध्ये वेशीबाहेरचं आणखी चित्रण होतं. त्यात कोंबड्या पायाला दोरी बांधून झोपडीच्या मेढीपाशी दाणे टिपत होत्या. ते उत्तर. टोपलीतला पाय पहिल्या सेकंदाला आणला, अक्षरं टाकली "हिचं काय करायचं?", आणि दाणे टिपणाऱ्या कोंबड्या साधारण मध्याच्या थोड्या पुढे, आजीच्या आधी. अगदी शेवटी ठेवल्या असत्या तर बघणाऱ्याला ताटकळत ठेवल्यासारखं झालं असतं. उत्तर मिळाल्यावरही जे थांबतात ते आजीचं ऐकायला थांबतात.

जुन्या व्हिडिओचं काय करायचं यावर आमचं थोडं वाजलं. शीर्षक कधीही बदलता येतं, व्ह्यूज जात नाहीत. म्हणून त्याचं म्हणणं, शीर्षक बदलून तोच ठेवू. पण "भुतांचं गाव" ही लाल अक्षरं व्हिडिओतच भाजलेली होती, ती निघत नाहीत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या लिंकखाली जुनं शीर्षक तसंच दिसत राहतं. शेवटी जुना खाजगी केला आणि नवा टाकला. जमलेल्या कमेंटी आणि आकडा गेला. त्याला वाईट वाटलं, वाटणारच. पण म्हणूनच मी सांगतो की दृश्यावर छापायची अक्षरं शीर्षकापेक्षाही जास्त वेळा तपासावीत. शीर्षक सुधारता येतं, ती नाही.

नव्या व्हिडिओची सुरुवात जुन्यापेक्षा मंद झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. भुतांइतक्या कोंबड्या पळत नाहीत. फरक आत होता. यूट्यूब स्टुडिओत शॉर्ट्ससाठी किती जण थांबले आणि किती जणांनी सरकवलं हे दिसतं, आणि कोणत्या सेकंदाला लोक सोडून जातात त्याची रेघही दिसते. जुन्या व्हिडिओत लोक सुरुवातीला थांबत होते आणि झावळ्यांच्या दृश्यापाशी एकदम गळत होते. तिथे त्यांना कळत होतं की भूत येणार नाही. शीर्षक किंवा पहिलं दृश्य फसवतंय याची ही सगळ्यांत स्पष्ट खूण: सुरुवात उंच, आणि मध्ये कडा. नव्यात सुरुवात त्यापेक्षा खाली, पण रेघ हळू उतरत शेवटापर्यंत गेली.

एकट्या पहिल्या आकड्यावर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट्सचा व्ह्यू व्हिडिओ सुरू होताच मोजला जातो, किती वेळ बघितला हे न पाहता. म्हणजे नुसता मोठा आकडा आता आधीपेक्षाही कमी सांगतो.

दुसरी खूण कमेंटींत असते. जुन्याखाली "भूत कुठाय?", "वेळ वाया", आणि गावाला नावं ठेवणारं बरंच काही. नव्याखाली कोणी आपल्या गावच्या गावपळणीत मांजर परत पळून आल्याचं लिहिलं, कोणी आजोळच्या आठवणी. एकाने विचारलं, तारीख कोण ठरवतं? हे पुढच्या व्हिडिओचं शीर्षक आयतं मिळालं.

एका प्रश्नावर मात्र आमचं एकमत अजून नाही, गावाच्या नावावर. शीर्षकात गावाचं नाव असलं तर लोक शोधताना व्हिडिओ सापडतो, आणि नाव न घेता "या गावात" लिहिणं हीसुद्धा एक बारीकशी चिथावणीच, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. पण नाव फिरलं की पुढच्या गावपळणीला रिकाम्या गावात ड्रोन आणि कॅमेरे घेऊन बाहेरची माणसं घुसणार, ही मानकऱ्यांची भीतीही खोटी नाही. गावात त्या दिवसांत कोणी असू नये हेच तर त्या परंपरेचं मर्म. सध्या शीर्षकात ना गाव, ना "या गावात", आणि वर्णनात फक्त तालुका.

तारखेच्या व्हिडिओसाठी "गाव सोडायची तारीख कोण ठरवतं?" हे शीर्षक लिहून ठेवलंय. उत्तर कौलात आहे. देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नाही, हे समजावून सांगायला गुरव तयार आहेत, पण गाभाऱ्यात कॅमेरा नको म्हणतात. तेव्हा कौल दाखवायचा नाही, गुरवांनी देवळाच्या ओट्यावर बसून सांगायचा. मुलाला वाटतं न दाखवता लोक थांबणार नाहीत. मी शीर्षक बदलून दिलं: "गुरव सांगतात: गाव सोडायची तारीख कशी ठरते". चित्रण व्हायचं आहे.